एसजीपीटी वाढलंय की बिलिरुबिन? दोन रिपोर्टांची गोष्ट

खकनारमध्ये सकाळी दिलेलं रक्त दुपारपर्यंत बऱ्हाणपूरच्या लॅबमध्ये पोचतं आणि संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते. मग घरातला जो कोणी जरा शिकलेला असेल त्याच्याकडे फोन जातो. आमच्या घरात तो मी. मी डॉक्टर नाही, बी.ई. आहे. पण गेली आठ वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबसाठी लागणारं सॉफ्टवेअर लिहितो. मशीनमधून आकडा कसा येतो, कुठला आकडा मोजलेला असतो आणि कुठला नुसता वजाबाकीने काढलेला असतो, ठळक अक्षरात 'एच' कधी छापला जातो, हे सगळं माझ्या रोजच्या कामातलं आहे. उपचार सांगणं माझं काम नाही. पण रिपोर्ट वाचायचा कसा, हे मी ज्यांच्याकडून शिकलो त्या पॅथॉलॉजिस्ट आणि फिजिशियन मंडळींकडून जे कळलं, ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट त्या 'एच'ची. तो आमचा प्रोग्रॅम छापतो, डॉक्टर नव्हे. निरोगी माणसांचे आकडे घेऊन त्यातले मधले शंभरातले ९५ जिथे बसतात, ती साधारणपणे 'नॉर्मल रेंज' धरतात. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही काही जण रेषेबाहेर असणारच. एसजीपीटीची वरची मर्यादा ४० असेल तर ४२ ला 'एच' लागतो आणि १४०० लाही तोच 'एच' लागतो. प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच. म्हणून डॉक्टर मनात नेहमी 'किती पट' असा हिशोब करतात. वरच्या मर्यादेच्या दीडपट ही एक गोष्ट, तीसपट ही दुसरीच. शिवाय एका लॅबची मर्यादा ४० असते, दुसरीची ५०. त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवायचे असतील तर त्यांच्या मर्यादाही शेजारी ठेवा.

दुसरी गोष्ट नावाची. 'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नाव जरा फसवं आहे. त्यातल्या ज्या आकड्यांना लोक सर्वांत जास्त घाबरतात, ते एसजीपीटी आणि एसजीओटी, लिव्हर किती काम करतंय हे सांगतच नाहीत. ही दोन्ही लिव्हरच्या पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम आहेत. पेशीला इजा झाली, तिचं आवरण फाटलं, की ती रक्तात सांडतात. ज्वारीचं पोतं फाटलं की दाणे रस्त्यावर दिसतात, तसंच. रस्त्यावरच्या दाण्यांवरून पोतं फाटलंय आणि किती जोरात गळतंय एवढं कळतं. पोत्यात किती ज्वारी उरली आहे ते कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बिलिरुबिनचा मामला अगदी वेगळा. तो सांडलेला माल नाही, तो उचलायचा कचरा आहे. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मोडते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून हा पिवळा पदार्थ तयार होतो, रोज साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून लिव्हरपर्यंत जातो. हा झाला 'इनडायरेक्ट' बिलिरुबिन. लिव्हर त्याला एक जोड लावतं, तो पाण्यात विरघळायला लागतो आणि पित्तातून आतड्यात जातो. जोड लावलेला तो 'डायरेक्ट'. आपल्या शौचाला जो रंग असतो तो यातूनच येतो. आता कचरा साचला तर कारणं तीनच: कचराच जास्त तयार होतोय, उचलणारा थकलाय किंवा मंद आहे, नाहीतर बाहेर जायची वाट अडली आहे. यातलं कुठलं, हे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट यांच्या वाटणीवरून आणि शेजारच्या एन्झाइमवरून कळायला लागतं.

एक आतली माहिती. लॅब टोटल मोजते आणि डायरेक्ट मोजते. इनडायरेक्ट कोणी मोजत नाही, आमचा प्रोग्रॅम टोटलमधून डायरेक्ट वजा करून तो छापतो.

आता दोन रिपोर्ट घेऊ. दोघांचेही डोळे पिवळे होते आणि दोघांच्याही घरी 'कावीळ' हाच शब्द होता.

पहिला माझ्या भाच्याचा, वय २४. मे महिन्यात एका लग्नाहून आल्यावर तीन-साडेतीन आठवड्यांनी त्याला ताप, मळमळ आणि जेवण नकोसं होणं सुरू झालं. मग लघवी काळ्या चहासारखी आणि डोळे पिवळे. रिपोर्ट असा: एसजीपीटी १४६०, एसजीओटी ११२०, टोटल बिलिरुबिन ५.८, त्यात डायरेक्ट ४.१ आणि इनडायरेक्ट १.७. अल्कलाइन फॉस्फेटेज १६०, म्हणजे किंचितच वर. अल्ब्युमिन ४.१, ठीक.

दुसरा आमच्या शेतावर केळीच्या कामाला येणाऱ्या कोरकू कुटुंबातल्या मुलाचा, वय १९. लहानपणापासून 'याचे डोळे असेच पिवळे' असं घरचे म्हणत. त्याचं टोटल बिलिरुबिन ३.९, त्यात डायरेक्ट ०.५ आणि इनडायरेक्ट ३.४. एसजीपीटी २८, एसजीओटी ६१, अल्कलाइन फॉस्फेटेज ९०. सोबतच्या रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.१.

नुसतं बिलिरुबिन पाहिलं तर ५.८ आणि ३.९, दोन्ही 'कावीळ'. पण एन्झाइमकडे पाहा. भाच्याचं एसजीपीटी मर्यादेच्या ३५ पटींहून जास्त. एवढी मोठी उडी फार थोड्या कारणांनी होते: हिपॅटायटिस ए, ई, बी यांसारखा विषाणूचा ताजा हल्ला, औषधाचा किंवा विषाचा परिणाम, किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा अचानक तुटणं. दारूने एवढी उडी सहसा होत नाही. दारूच्या हिपॅटायटिसमध्ये आकडे बहुधा ३०० च्या आतच राहतात आणि एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असतो. मोहाची घेणाऱ्यांच्या रिपोर्टात ही जोडी पाहिली की डॉक्टर आधी तोच प्रश्न विचारतात. भाच्याच्या रक्तात हिपॅटायटिस ई चे आयजीएम सापडले. पाण्यातून येणारा विषाणू, आणि शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते आठ आठवडे. त्यामुळे लोक कालच्या जेवणाला दोष देतात आणि खरं पाणी प्यालेलं असतं महिन्यापूर्वी. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून हीच साथ पसरली आणि हजारो लोक आजारी पडले. इचलकरंजी म्हणजे बऱ्हाणपूरसारखंच यंत्रमागाचं गाव. त्याच्याही आधी, १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यातून काविळीची फार मोठी साथ आली होती. तिचा विषाणू 'ए' नव्हे, 'ई' होता हे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळलं.

कोरकू मुलाच्या बाबतीत पोतं फाटलेलंच नाही. एसजीपीटी २८. लिव्हरला इजा नाही, वाट अडलेली नाही, कारण वाट अडली असती तर डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं असतं. वाढलाय तो फक्त इनडायरेक्ट, म्हणजे लिव्हरपर्यंत पोचण्याआधीचा कचरा. आणि हिमोग्लोबिन कमी. याचा सरळ अर्थ लाल पेशी वेळेआधी मोडताहेत. मग एसजीओटी ६१ का? कारण एसजीओटी लाल पेशींमध्येही असतं. पेशी मोडल्या की तेही थोडं सांडतं. एसजीपीटी शांत आणि एसजीओटी थोडं वर, हे या बाजूला बोट दाखवणारं आहे. (नमुना मोटरसायकलवर खडखडत गेला आणि नळीतच पेशी फुटल्या, तरीही असंच दिसतं. म्हणून 'हिमोलाइज्ड सॅम्पल' असा शेरा रिपोर्टाखाली आहे का, ते बघावं.)

त्याची सिकलसेलची तपासणी झाली. आधी विरघळण्याची साधी चाचणी, मग पक्कं करण्यासाठी एचपीएलसी. निदान आलं: सिकलसेल, दोन्ही आईवडिलांकडून एकेक जनुक आलेलं. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा आजार बराच आढळतो. १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. या मुलाच्या घरी तोवर दोनदा काविळीची माळ घालून झाली होती.

त्या माळेबद्दल थोडं. बारीक काड्यांची माळ डोक्यावर घालतात, ती रोज लांब होत खाली येते आणि 'कावीळ उतरली' म्हणतात. ओल्या काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. हे कुणालाही घरी करून बघता येईल. तरी लोकांचा विश्वास बसतो त्याला कारण आहे. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. माळ घातली तरी आणि नाही घातली तरी. माळेचं श्रेय मोठं आहे ते त्या बरं होणाऱ्यांमुळे. पण पिवळे डोळे सिकलसेलचे असतील, पित्ताच्या खड्याचे असतील, किंवा गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला असेल, तर ते दिवस फुकट जातात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. तिथे वाट बघायची नसते.

इनडायरेक्टच वाढलेला पण हिमोग्लोबिन उत्तम, असाही एक प्रकार खूप दिसतो. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. शंभरातल्या पाच-सात माणसांत लिव्हरचं ते जोड लावायचं काम जन्मतःच जरा मंद असतं. बिलिरुबिन दीड, दोन, क्वचित तीन. एरवी काहीच त्रास नाही. नवरात्रात किंवा श्रावणात कडक उपास केला, ताप आला, झोप झाली नाही, की आकडा वाढतो आणि डोळ्यांत हलकी पिवळी झाक येते. आमच्या ऑफिसातल्या एकाला दर वर्षीच्या हेल्थ चेकअपमध्ये २.१ च्या आसपास येतं. एन्झाइम आणि रक्त नॉर्मल आहे हे एकदा नीट बघून झालं की याला औषध नाही आणि गरजही नाही.

आता भाच्याकडे परत. त्याच्या आजारात घरच्यांची खरी घालमेल पहिल्या रिपोर्टाने झाली नाही, दुसऱ्याने झाली. पाच दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. एसजीपीटी १४६० वरून ८२० वर आलं होतं. पण बिलिरुबिन ५.८ वरून ८.४ वर गेलं होतं. ताईचा फोन आला, रडवेल्या आवाजात.

"अरे, वाढलीय ना कावीळ! डॉक्टर म्हणतात चांगलं चाललंय. मला काही समजत नाही."

भाचा मागून म्हणाला, "मामा, एक कमी झालं आणि एक वाढलं. मी बरा होतोय की नाही, तेवढं सांगा."

प्रश्न एकदम बरोबर होता, आणि त्याचं उत्तर या दोन आकड्यांत नव्हतंच. त्याला मी जे सांगितलं ते असं. एसजीपीटी उतरलं म्हणजे रस्त्यावर सांडणारी ज्वारी कमी झाली. याला दोन कारणं असू शकतात. एक, पोतं शिवलं जातंय. दुसरं, पोत्यात ज्वारीच उरलेली नाही. लिव्हरच्या बहुतेक पेशी मेल्या तर सांडायला एन्झाइम तरी कुठून येणार? गंभीर लिव्हर फेल्युअरमध्ये हेच होतं: एसजीपीटी हजारांवरून झपाट्याने खाली येतं, घरचे देवाला नारळ फोडतात, आणि बिलिरुबिन मात्र चढत राहतं. कागदावर हे चित्र आणि भाच्याचं चित्र अगदी सारखंच दिसतं.

मग फरक कशावरून? लिव्हर खरोखर काम करतंय का, हे दाखवणाऱ्या आकड्यावरून. तो आकडा म्हणजे पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं. त्यातले काही फार थोडा वेळ टिकतात, म्हणून कारखाना बंद पडला की एक-दोन दिवसांत आयएनआर वाढायला लागतो. अल्ब्युमिनही लिव्हरच बनवतं, पण ते जवळजवळ तीन आठवडे टिकतं, म्हणून ताज्या आजारात ते उशिरा बोलतं. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. ताज्या हिपॅटायटिसमध्ये तो दीड किंवा त्याहून वर गेला तर डॉक्टर सावध होतात. आणि त्यासोबत रोगी गोंधळल्यासारखा बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, तर ती तातडीने मोठ्या रुग्णालयात नेण्याची वेळ असते. आयएनआर बऱ्याच लॅबच्या एलएफटीच्या पॅकेजमध्ये नसतोच, तो वेगळा मागावा लागतो आणि त्याची रक्ताची नळीही वेगळी, निळ्या झाकणाची असते. माझ्या मते पॅकेजमधली ही मोठी उणीव आहे.

भाच्याचा आयएनआर १.१ होता. तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता, ताईच्या खिचडीला नावं ठेवत होता. कारखाना चालू होता. म्हणून डॉक्टर निवांत होते.

"पण मग बिलिरुबिन वाढलं कशाला?" ताईने विचारलं.

कारण तो मागे रेंगाळणारा आकडा आहे. सुजलेल्या लिव्हरमधून पित्त बाहेर पडायला वेळ लागतो, तोवर साठा वाढतच जातो. शिवाय जोड लावलेल्या बिलिरुबिनचा एक भाग अल्ब्युमिनला पक्का चिकटून बसतो. हा चिकटलेला भाग लघवीतून जाऊ शकत नाही. अल्ब्युमिन जितके दिवस टिकतं तितके दिवस तोही रक्तात राहतो. म्हणून बरं होताना क्रम असा दिसतो: आधी भूक येते, मग एसजीपीटी उतरतं, मग लघवीचा रंग साफ होतो, आणि डोळे सर्वांत शेवटी. भाच्याचं तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात लघवी स्वच्छ होती, एसजीपीटी १४० आणि बिलिरुबिन ३.०. डोळे अजून पिवळे पाहून शेजारच्या काकू "कुठला तरी काढा द्या" म्हणत होत्या.

काढ्याचं मात्र जपून. भाच्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सगळी अनावश्यक औषधं आणि काढे बंद करायला सांगितले होते. करोनाच्या काळात अनेकांनी गुळवेल रोज घेतली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या लिव्हरला त्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळखच चुकली असेल असं म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी आधीच फाटलेल्या पोत्यावर नवीन काही लादू नये, एवढं तर कुणालाही पटेल. टीबीच्या गोळ्यांचं उलट आहे: त्यांनीही एसजीपीटी वाढू शकतं, पण म्हणून स्वतःच बंद करायच्या नाहीत. मळमळ किंवा पिवळेपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. किती पट वाढलं की थांबवायचं याचे त्यांचे ठरलेले नियम असतात. हळद बंद करण्याचा आणि बिलिरुबिनचा मात्र काही संबंध नाही. दोन्ही पिवळे, एवढंच नातं.

घरी बसून, एक पैसा खर्च न करता, बघता येतील अशा दोन गोष्टी आहेत: लघवी आणि शौच. इनडायरेक्ट बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो लघवीत उतरत नाही. डोळे पिवळे आणि लघवीत बिलिरुबिन नाही, तर गोष्ट रक्ताची किंवा गिल्बर्टची असण्याची शक्यता जास्त. लघवी काळ्या चहासारखी असेल तर डायरेक्ट वाढलंय, गोष्ट लिव्हरची किंवा वाटेची. आणि त्यात शौच पांढुरकं, चिकणमातीसारखं झालं, अंगाला खाज सुटली, तर पित्त आतड्यात पोचतच नाही. अशा वेळी रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी हे दोन आकडे एसजीपीटीपेक्षा उठून दिसतात आणि पुढची पायरी सोनोग्राफी असते. दोन्ही का बघायचे? कारण अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतही असतं. वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदर बायांत ते तसंही जास्त येतं. जीजीटी हाडांत नसतं. दोन्ही वर असतील तर बोट पित्ताकडे. वाट अडली असताना थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री निघा.

ही वाटेची गोष्ट त्या कोरकू मुलाला पुढे लागू शकते. लाल पेशी सतत मोडत राहिल्या की पित्तात बिलिरुबिनचा गाळ जमतो आणि त्याचे काळपट खडे होतात. सिकलसेलच्या रुग्णांत ते तरुण वयातच दिसतात. त्याच्या सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे निघालेच आहेत, अजून त्रास नाही. त्याला हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अॅसिड सुरू झालं आहे. त्याच्या वडिलांना मी एकच काम सांगितलंय: तब्येत बरी असतानाचा हा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. उद्या ताप आला, पोटात दुखलं, तर नवीन डॉक्टर त्याचं ३.९ बघून दचकतील. त्याच्यासाठी ३.९ हे रोजचं आहे. रिपोर्टावर छापलेल्या १.२ शी नाही, त्याच्या स्वतःच्या ३.९ शी ताडून बघायचं. आणि त्यातही डायरेक्ट ०.५ वरून ३ झालं असेल, तर खडा वाटेत आलाय का हे आधी तपासायचं.